दोन गुणांपुरतं कर्तव्य

बाबांची ती तिसरी खेप होती, आणि नियमाप्रमाणे शेवटची. जुना अभ्यासक्रम त्या वर्षी बंद होणार होता. सुटले ते सुटले, आणि राहिले त्यांनी पुन्हा पहिल्या वर्षापासून श्रीगणेशा करायचा. बाबांचं वय तेव्हा एक्कावन्न. बाकी सगळे विषय सुटले होते, एकट्या नीतिशास्त्राने पाय धरून ठेवला होता.

आज त्यांची लेक स्वतः नीतिशास्त्र शिकवते. केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर वाढला, पण परीक्षेचे दिवस जवळ आले की तिला ते वर्ष आठवतं आणि मग कुणी काही बोललं तरी तिचं लक्ष नसतं. किती साधं घर होतं ते. स्वयंपाकघरात एकच टेबल, त्यावरच जेवण, त्यावरच इस्त्री आणि त्यावरच बापलेकीचा अभ्यास. बाबा होते तोवर त्या टेबलाचं मोल कुणाला कळलं नाही.

बाबा कॉलेजात शिपाई होते. बावीस वर्षं त्यांनी तिथली घंटा दिली. व्हरांड्यात टांगलेली पितळेची जाड थाळी आणि लाकडी हातोडा, दुसरं काही नाही. मुलं त्यांना ठोकेकाका म्हणायची. परीक्षेच्या काळात तर त्यांचा रुबाब प्राचार्यांपेक्षा जास्त असायचा. शेवटचा ठोका पडला की ते दारात येऊन उभे राहायचे आणि दमात म्हणायचे, "पेन खाली. घंटेनंतर लिहिलेलं अक्षर चोरीचं असतं." भलीभली पोरं चळाचळा कापायची.

अशा माणसाला पदवी कशाला हवी होती, असं तुम्ही विचाराल. ग्रंथालयात सहायकाची एक जागा रिकामी होणार होती. ती आतल्याच कर्मचाऱ्याला द्यायची होती, पण पदवीधर पाहिजे. बाबांना पुस्तकांचं भारी वेड. जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयाच्या दारापाशी उभं राहून ते वाचायचे. उभं राहून अशासाठी, की आतल्या खुर्च्या विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या. "एकदा त्या खुर्चीत बसून वाचायचंय," एवढंच ते म्हणायचे. मागणी केवढी, तर एका खुर्चीएवढी.

पहिल्या खेपेला तेहतीस मिळाले, दुसऱ्या खेपेला छत्तीस. पास व्हायला चाळीस लागायचे. आता एखाददुसरा गुण कमी पडला तर कृपागुण मिळतात हे खरं, पण ते पदवीत एकाच विषयाला मिळायचे आणि बाबांनी ते इतिहासात खर्च करून टाकले होते. आई म्हणायची, "लढायांच्या तारखांवर कृपा उधळलीत, आता नीतीला काय देणार?"

दुसऱ्या खेपेची उत्तरपत्रिका तिने अर्ज करून मागवली. ती तेव्हा त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि नीतिशास्त्रात तिचा पहिला नंबर ठरलेला. उत्तरपत्रिका उघडली आणि तिने कपाळावर हात मारला. पहिला प्रश्न दहा व्याख्यांचा, प्रत्येकी दोन गुण. पहिलीच व्याख्या कर्तव्याची. बाबांनी लिहिलं होतं, "कर्तव्य म्हणजे काय हे सांगायचे तर प्रयोगशाळेचा नळ ज्या सुट्टीच्या दिवशी उघडा राहिला, त्या दिवसाची हकिकत सांगावी लागेल." आणि खरोखरच सांगितली होती, दीड पान. नळ, पाण्यात तरंगणारे चपलांचे जोड, प्राचार्यांचा निरोप, सगळं. शेवटी लिहिलं होतं, "तर यालाच कर्तव्य म्हणतात." तपासणाऱ्याने समासात अर्धा गुण दिला होता, तोही बहुधा हकिकत आवडली म्हणून. दहा व्याख्यांत सव्वा तास गेला होता आणि मोठे प्रश्न तसेच राहिले होते.

नीतीच्या बाई, म्हणजे तिच्या प्राध्यापिका, ते वाचून हसल्या. "काकांना सगळं येतं गं. त्यांना थांबता येत नाही, एवढंच."

मग तिने बाबांना ताब्यात घेतलं. टेबलावर गजराचं घड्याळ ठेवलं आणि बजावलं, "एका व्याख्येला अडीच मिनिटं. सव्वादोन लिहायला आणि पाव श्वास घ्यायला."

"आणि विचार करायला?"

"विचार घरी करून जायचा."

"वा बाईसाहेब," बाबा म्हणाले. "म्हणजे तिथे नुसती डिलिव्हरी."

तिने त्यांना बाईंनी शिकवलेली रीत शिकवली. व्याख्येचे दोन भाग, प्रत्येकाला एक गुण. पहिला भाग वर्ग: ही गोष्ट मुळात कशात मोडते? दुसरा भाग वेगळेपण: त्या वर्गातल्या इतर गोष्टींहून ही निराळी कशाने? कर्तव्य ही कृती. पण जेवणं हीसुद्धा कृतीच. मग वेगळेपण काय, तर नैतिक नियमाने ती बंधनकारक असते. हक्क हा दावा. पण दावा तर कुणीही कशावरही सांगतो. मग हक्क म्हणजे समाजाने मान्य केलेला न्याय्य दावा, ज्याचा मान राखणं हे इतरांचं कर्तव्य असतं. आणि सद्गुण ही कृती नाही. चांगलं वागणं पुन्हा पुन्हा करून स्वभावात मुरलेली ती वृत्ती. एखाद्या दिवशी खरं बोललं म्हणजे माणूस सत्यवचनी होत नाही.

"कृती, दावा, वृत्ती," ती टेबलावर बोट आपटत म्हणायची. "वर्ग चुकला की एक गुण गेला. आणि उदाहरणाला शून्य. व्याख्या मागितली असताना उदाहरण देणं म्हणजे पत्ता विचारला तर गावाचं वर्णन करणं."

बाबा ऐकायचे, मान डोलवायचे आणि लिहायला बसले की पुन्हा येरे माझ्या मागल्या. "कर्तव्य म्हणजे माणसाने जे करायला हवे ते."

"हवे म्हणजे? भूक लागली की जेवायला हवे, तेही कर्तव्य?"

"तसं नाही. म्हणजे जे केलं नाही तर मन खातं, ते."

"एखाद्याचं मन खातच नाही. मग त्याला कर्तव्य नाही?"

बाबा पेन ठेवून तिच्याकडे बघत राहायचे. त्यांना राग यायचा नाही, उलट गंमत वाटायची. मग तेच उलट प्रश्न काढायचे. "मला सांग, समाजाने मान्य केलेला दावा म्हणजे हक्क. आणि समाजच नतद्रष्ट असला, तर? मान्यता नाही म्हणून हक्कच नाही?"

प्रश्न बिनतोड होता. त्याच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले गेलेत, हे तिला पुढे कळलं. तेव्हा तिने घड्याळाकडे बोट दाखवलं. "बाबा, हे वीस गुणांच्या प्रश्नात विचारतात. दोन गुणांत एवढं खोल जायचं नाही, बुडाल."

शेंगा सोलता सोलता आई म्हणायची, "अहो, पोरगी सांगते तेवढंच लिहा ना. बायकोचं नाही ऐकलंत, लेकीचं तरी ऐका."

आणि हळूहळू जमलं. पाच मिनिटांची व्याख्या चारावर आली, चाराची तीनावर. गाडी रुळावर आली आहे हे तिला ज्या दिवशी कळलं तो दिवस तिला लख्ख आठवतो. गजर वाजायच्या आत दहाच्या दहा व्याख्या झाल्या होत्या आणि कुठेही नळ नव्हता, चपला नव्हत्या. बाबांनी वही तिच्यापुढे सरकवली आणि शाळकरी पोरासारखे बघत राहिले. तिने दहाही तपासल्या. तेवीस मिनिटं, अठरा गुण. तिने त्यांच्या पाठीवर थाप मारली. बापाच्या पाठीवर थाप मारायची ती तिची पहिली आणि शेवटची वेळ, आणि तो आनंद पुढे पहिला नंबर आला तेव्हाही तिला झाला नाही.

परीक्षेला दोघं एकाच खोलीत आली. जुन्या अभ्यासक्रमाचे उरलेसुरले चार-पाच जण पुढच्या बाकांवर आणि तिची नवी तुकडी मागे. प्रश्नपत्रिका वेगळ्या, पण पहिला प्रश्न दोघांनाही दहा व्याख्यांचाच. बाबा तिच्यापुढे चार बाकं. धुतलेला शर्ट, मानेवर नुकत्याच कापलेल्या केसांची रेघ. घंटा त्या दिवशी बदलीचा माणूस देणार होता. पहिला ठोका पडला तसा बाबांचा उजवा हात किंचित उचलला गेला, सवयीने. तिला हसू आलं.

तिने लिहायला घेतलं. तीन व्याख्या झाल्या, मान वर केली. बाबांचं पेन झरझर चाललं होतं. छान. आणखी दोन झाल्या, पुन्हा मान वर केली. बाबांचं पेन थांबलं होतं आणि ते खिडकीबाहेर बघत होते. ते बघणं ती ओळखत होती. कुठलीतरी हकिकत येत होती. लिहा बाबा, ती मनात म्हणाली, हकिकत नको, नुसती कृती, दावा, वृत्ती. एक मिनिट गेलं. दीड गेलं. मग बाबांनी मान हलवली, स्वतःशीच, जणू आलेल्या माणसाला दारातून परत पाठवलं, आणि पुन्हा लिहायला लागले.

तिने सुटकेचा श्वास सोडला, पण तिचं स्वतःचं पेन काही चालेना. तिला वाटत राहिलं की आपण खाली बघितलं की बाबा खिडकीकडे बघणार. वेडेपणाच तो. दुसऱ्यांना मिनिटामिनिटाचा हिशेब शिकवणारी ही शहाणी स्वतः बाकावर हाताची घडी घालून बापाची मान राखत बसली होती. बारा मिनिटं गेली तिची. बारा.

आणि तेव्हा बाबांनी मागे वळून बघितलं. लेकीचं कसं चाललंय हे बघावंसं वाटलं असेल. लेक बसलेली, पेनाला टोपण. त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी मनगट वर केलं आणि घड्याळाच्या काचेवर दोन बोटं टकटक आपटली.

पर्यवेक्षक नवा होता, बाहेरच्या कॉलेजातून आलेला. त्याला ठोकेकाका माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो तीन ढांगांत बाबांपाशी आला. "काय खुणा चालल्यात?"

बाबा उभे राहिले. "चूक माझी आहे. ती माझी मुलगी. लिहीत नव्हती म्हणून वेळ दाखवली. तिने काही केलेलं नाही."

पर्यवेक्षकाने बाबांची उत्तरपत्रिका काढून घेतली आणि मुख्य पर्यवेक्षकांना बोलावणं पाठवलं. ते येईपर्यंत बाबा तसेच उभे. रिकाम्या बाकापुढे, अख्ख्या खोलीसमोर. ज्या पोरांना त्यांनी दम भरला होता ती पोरं तिरप्या डोळ्यांनी बघत होती. तिला उठून ओरडावंसं वाटलं, पण बाबांनी मान न वळवता, पाठीमागे धरलेला हात जरासा हलवला. लिही. मग ती लिहायला लागली. अक्षरं दिसत नव्हती, तरी लिहीत राहिली.

मुख्य पर्यवेक्षक आले, दोन्ही उत्तरपत्रिका बघितल्या आणि वैतागले. "अहो, प्रश्नपत्रिकाच वेगळ्या आहेत. काय डोंबल कॉपी करणार?" बाबांना ताकीद मिळाली, जागा बदलून कोपऱ्यातलं टेबल मिळालं आणि उत्तरपत्रिका परत मिळाली. या सगळ्यात चौदा मिनिटं गेली. गेलेला वेळ भरून द्यायचा नियम नव्हता.

पुढचं ती नीट बघू शकली नाही. तिने आपली बारा मिनिटं कशीबशी भरून काढली आणि शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा मान वर केली. बाबा मोठा प्रश्न अर्धवट सोडून पानं मागे उलटत होते. पहिल्या प्रश्नाशी आले आणि वाकून लिहायला लागले. ज्या व्याख्येवर त्यांची उत्तरपत्रिका काढून घेतली होती ती अपुरी राहिली असणार.

तेवढ्यात घंटेचा पहिला ठोका पडला. आता परीक्षा दिलेल्या कुणालाही विचारा, घंटा झाली म्हणजे वेळ संपली असं कुणीही मानत नाही. पर्यवेक्षक एका टोकापासून गोळा करत येतो, आपल्यापाशी पोहोचेपर्यंत दोन मिनिटं सहज मिळतात, आणि त्या दोन मिनिटांत अख्खा वर्ग असा लिहितो की कागद फाटावा. त्या दिवशीही सगळे लिहीत होते. तीही लिहीत होती. फक्त कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या एका माणसाने पहिल्याच ठोक्याला पेन खाली ठेवलं आणि हाताची घडी घातली.

"कसा गेला?" आईने विचारलं.

"बरा," बाबा म्हणाले. "जवळजवळ सगळं लिहिलं." खोलीतल्या प्रकाराबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत, आणि तिलाही बोलू दिलं नाही.

निकाल लागला. तिचा पहिला नंबर. बाबांना एकोणचाळीस.

घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघाले. तिने मात्र चंग बांधला. उत्तरपत्रिका मागवली, फेरतपासणीचा अर्ज आणला, बाबांचं नाव, क्रमांक, विषय सगळं भरलं. फक्त सहीची जागा कोरी ठेवली आणि जेवणाच्या सुट्टीत कॉलेजात त्यांच्याकडे गेली. व्हरांड्यातल्या बाकावर दोघं बसली.

"हे बघा बाबा." तिने पहिलं पान उघडलं. हक्काला दोन, सद्गुणाला दोन, एकापाठोपाठ एक दोनच. इतकं स्वच्छ, इतकं नेमकं, की तिला भरून आलं. दहावी व्याख्या कर्तव्याची होती. अर्धी ओळ एकसारख्या दाबाने, उरलेली घाईने. "कर्तव्य म्हणजे नैतिक नियमाने माणसावर बंधनकारक असलेली". पुढे काही नव्हतं, पूर्णविरामसुद्धा नाही. समासात एक गुण.

"कृती," ती म्हणाली. "एवढाच शब्द राहिलाय. तुम्हाला येत होतं हे आंधळ्यालाही दिसतंय. असलेली म्हटल्यावर पुढे दुसरं काय येणार? आपण फेरतपासणीला पाठवू. एक गुण तर हवाय." मग ती त्यांच्याकडे वळली. "माझ्यामुळे झालं बाबा. मी लिहीत बसले असते तर तुम्ही वळला नसतात."

"तू कशाला? वळलो मी." बाबांनी उत्तरपत्रिका हातात घेतली, लांब धरून वाचली. "अक्षर बरं आलंय, नाही?"

"बाबा, सही करा."

"करतो. आधी एक सांग. ही तुझ्याकडे तपासायला आली असती, तर तू किती दिले असतेस?"

तिने पेन त्यांच्यापुढे धरलं.

"नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. नुसता क्रमांक. आणि एवढीच ओळ. किती?"

दोन, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. काय बिघडणार होतं म्हटलं असतं तर? बापाने आयुष्यभर उभं राहून पुस्तकं वाचली, त्याला एक खुर्ची. पण बाबा तिच्याकडे बघत होते, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बघायचे तसेच, उत्तराची वाट बघत.

"एक," ती म्हणाली.

"का?"

"वेगळेपण आहे." तिने त्या अपुऱ्या ओळीच्या टोकावर बोट ठेवलं. "वर्ग नाही."

"बरोबर," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं, नाटक नव्हतं. त्यांनी अर्ज तिच्या मांडीवरून उचलला, नीट घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवला. "मग दुसऱ्या कुणाकडून दोन कशाला मागायचे? शिकवणारीने तपासली, संपलं."

ती रडली. व्हरांड्यात येणारीजाणारी मुलं बघत होती तरी रडली. बाबांनी तिला रडू दिलं, मग घड्याळ बघितलं आणि तास भरायची वेळ झाली म्हणून उठले.

त्यानंतर तिने हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. पण घरच्या सरावाचे सोडले, तर आयुष्यात तिने पहिल्यांदा दिलेला खरा गुण तो होता, बाबांना दिलेला, एक.